उजवीकडची थप्पी

आमच्या आप्पांचा राग म्हणजे पक्क्या रंगाचा माल. कितीही धुवा, उतरत नाही. लोटूकाकाशी ते सात वर्षं बोलले नव्हते, आणि कारण काय, तर एक टॉवेल!

हसू नका. आमच्या खानदेशात लग्नात टोपी-टॉवेल देतात, आणि तो कुणाला आधी दिला यावर घराणी मोडतात. लोटूकाका आप्पांचा धाकटा भाऊ. त्याच्या मोठ्या पोराच्या लग्नात पहिला टॉवेल आप्पांचा, हे मांडवातल्या खांबालाही ठाऊक होतं. पण गडबडीत काकाने तो दिला बँकेच्या साहेबांना. आप्पा भरल्या ताटावरून उठले, चपला घातल्या आणि तडक सुरतेची गाडी धरली. माझी आई सुंदरा आणि मी मागून दुसऱ्या गाडीने आलो, कारण आईचं जेवण व्हायचं होतं. आई म्हणाली, रागाला भूक नसते, मला आहे.

आता त्याच लोटूकाकाच्या मुलीचं लग्न निघालं होतं, अमळनेरजवळ आमच्या गावी. कार्ड घेऊन आला भगवान. हा आमच्या गावचा, इथे सुरतेजवळ पलसाण्याला रंगाच्या मिलमध्ये कामाला. कार्डावर काकाने हाताने एक शब्दही लिहिला नव्हता. फक्त छापलेल्या ‘सहकुटुंब’ या शब्दाखाली पेनाने एक रेघ मारली होती. त्या रेघेवर आप्पांनी दोन दिवस काढले. ती आमंत्रणाची रेघ आहे की टोमण्याची, हे त्यांना ठरवता येईना.

"लग्न परवावर आलं," आई म्हणाली. "भगवान आज संध्याकाळच्या पॅसेंजरने गावी चाललाय. काय ते लिहून त्याच्या हाती द्या. येतो म्हणा, नाहीतर येत नाही म्हणा. पण या खेपेला गेला नाहीत, तर पुन्हा त्या घरात पाय ठेवायचं नाव काढू नका. मग भाऊ संपला."

आई कधी असं बोलत नाही. आप्पांनी पटकन चहा संपवला आणि म्हणाले, "लिहितो. पण हाताने नाही. जयश्रीच्या मशीनवर लिहितो."

त्यामागेही काकाच होता. आप्पांचं अक्षर बघून तो लहानपणापासून खिदळायचा. तेव्हा पत्र जायचं तर छापील, टपोरं जायचं, आणि तेही स्वतःच्या पोरीने बनवलेल्या मशीनमधून. मशीन मी बनवलं नव्हतं हो. मशीन शेठचं होतं. मी बनवत होते त्यातला प्रोग्रॅम. पण आप्पांच्या लेखी तो फरक म्हणजे किरकोळ बाब.

शहाण्णव सालची गोष्ट. सुरतेत उधन्याला एका झेरॉक्सच्या दुकानावर आमची एक खोली होती. दोन कॉम्प्युटर, एक खडखड प्रिंटर, आणि दोन माणसं, मी आणि चेतन. आमच्या गुजराती शेठला प्रेसवाल्यांना विकायला एक एडिटर हवा होता, मराठी आणि गुजराती टाइप करता येईल असा. अक्षरांचे साचे चेतन करायचा, बाकीचा एडिटर माझ्या गळ्यात. चेतनही मूळचा आमच्याच भागातला, पण जन्म इथल्या लिंबायतचा, त्यामुळे दर दोन वाक्यांनी त्याचं गुजराती सुरू व्हायचं. तोंड मात्र कुठल्याही भाषेत बंद नसायचं.

तर त्या दिवशी लूमला सुट्टी होती आणि आप्पा इस्त्रीचा सदरा घालून दहा वाजता खोलीत हजर झाले. तीस वर्षं भेस्तानच्या लूमच्या खात्यात काम केलेला माणूस. यंत्र दिसलं की त्यांना ते आतून कसं चालतं ते कळल्याशिवाय चैन पडत नाही.

"हे बटण काय करतं?" त्यांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं.

"एफ-नऊ. ते मागे नेतं. तुम्ही जे शेवटचं केलंत ते काढून टाकतं. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीचं."

"आणि हे दहा?"

"काढलेलं परत आणतं."

आप्पांचे डोळे लकाकले. "कसं काय?"

मला सांगायला आवडतं. नको तिथेही आवडतं, असं चेतन म्हणतो. मी टेबलावरच्या कोऱ्या चिठ्ठ्या घेतल्या. "हे बघा आप्पा. तुम्ही एक शब्द लिहिलात की मशीन एक चिठ्ठी फाडतं. त्यावर लिहितं: अमुक जागी अमुक शब्द घातला. ती चिठ्ठी डावीकडच्या थप्पीवर ठेवतं. शब्द पुसलात, तर त्याचीही चिठ्ठी: अमुक जागचा अमुक शब्द काढला. नवी चिठ्ठी कायम वर. आता एफ-नऊ दाबलं, की डाव्या थप्पीची सगळ्यात वरची चिठ्ठी उचलायची, त्यावर आहे त्याच्या उलटं करायचं. घातला असेल तर काढायचा, काढला असेल तर घालायचा. आणि चिठ्ठी टाकायची उजव्या थप्पीवर. एफ-दहा दाबलं, की उजवीकडची वरची चिठ्ठी उचलायची, त्यावर आहे तसं करायचं, आणि ती परत डावीकडे."

"म्हणजे शेवटचं आधी निघणार."

"हो. मधली चिठ्ठी ओढायची नाही."

"बरोबर," आप्पा म्हणाले. "कापड उसवतानाही तसंच. शेवटी टाकलेला आडवा धागा, बाणा, तो आधी."

मला असा अभिमान वाटला म्हणून सांगू! शेठला हेच समजवायला मला चार दिवस लागले होते. त्या भरात मी पुढचंही सांगितलं. "फक्त एक नियम आहे. मागे गेल्यावर तुम्ही काही नवीन लिहिलंत, की उजवीकडची थप्पी टाकून द्यायची. सगळी."

"टाकून?" आप्पांनी चष्मा वर केला. "का म्हणून?"

"ती आता लागू पडत नाही म्हणून."

"हा काय नियम झाला? अगं, सुरतेत चिंधीसुद्धा कुणी टाकत नाही, किलोवर विकतात. आणि तू माणसाने लिहिलेलं टाकतेस?"

"एकदम सही वात," मागून चेतन. "मी हिला तेच सांगतो, आप्पा. ठेवलं तर काय बिघडतं? हिचा हातच सढळ."

"तू तुझी वेलांटी सांभाळ आधी," मी म्हटलं. "काल ‘किती’चं ‘कीती’ कुणी केलं होतं?"

आप्पा मान हलवत होते, पण माझ्या बाजूने नाही. "चूक शे तुन्हा नियम," ते म्हणाले. घरात आम्ही अहिराणीच बोलतो, आणि आप्पांना निकाल द्यायचा असला की ते हमखास अहिराणीत देतात.

मी वाद घातला नाही. घालायला हवा होता. आपलं माणूस समजून मी गप्प बसले, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

आप्पा दोन बोटांनी टाइप करायला बसले. एक बोट अक्षर शोधायचं, दुसरं वाट बघायचं. मी त्यांना सांगितलं की मधूनमधून एफ-दोन दाबा, म्हणजे पत्र डिस्कवर साठेल. त्यांनी ते साफ झटकलं. "कापडाचा ताका पुरा झाल्याशिवाय लूमवरून उतरवतात का? पुरं होऊ दे, मग ठेवू तुझ्या डिस्कवर." मी डोकावायला गेले, तर त्यांनी पडद्यासमोर हात धरला. "बापाचं पत्र वाचतेस? लाज नाही?"

आठवीतलं पोर चोरून कॉपी करतं तसे ते पडद्यावर ओणवे झाले होते. मधेच फुरफुरायचे. मधेच एक कळ अशी आपटायचे की चेतन दचकायचा. "टॉवेल आला वाटतं," तो माझ्या कानात म्हणायचा. जेवणाचा डबाही त्यांनी एका हाताने खाल्ला. मग दुपारी दोनच्या पुढे त्यांचं आपटणं कमी झालं. तीनच्या सुमाराला तर कळांचा आवाज इतका मऊ झाला की मी वळून पाहिलं. आप्पा नाक पुसत होते.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. फक्त एक चूक सुरुवातीला राहिली आहे. तेवढी नीट करतो."

"करा." मी माझ्या कामात डोकं घातलं. कपाळ माझं! तेव्हाच उठायला हवं होतं.

कळीचा आवाज येत राहिला. एकच कळ. टक, टक, टक, टक, एका लयीत, मोजून पाच मिनिटं. मला वाटलं, बाणाची कळ दाबून वर चाललेत. मग आवाज थांबला. दोन-तीन कळा वेगळ्या वाजल्या. आणि मग मशीनने तो आवाज केला, जो मीच त्यात घातला होता: टूं. थप्पीत काही उरलं नाही की वाजतो तो.

टूं. टूं. टूं, टूं, टूं.

"जयश्री," आप्पा म्हणाले. "येत नाही गं."

मी जाऊन बघते तर पडद्यावर अख्ख्या पानात एकच शब्द. ‘चि.’ बाकी सगळं कोरं.

"पत्र कुठाय?"

"मागे नेलं मी, एफ-नऊने. सुरुवातीची चूक काढायला. ती काढली, आता एफ-दहाने पुढे आणतोय, तर येत नाही!"

"अहो, पण मागे कशाला नेलंत? बाणाच्या कळीने वर जायचं, शब्द बदलायचा, खाली यायचं! पत्र जागचं हलवायचं कशाला?"

आप्पा माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच खुळी. "दोष मागे राहिला तर तिथवर उसवावंच लागतं ना? मधल्या कापडावरून उडी मारून कुणी दोष काढतं का?"

तीस वर्षांत या माणसाने एकही दोष उडी मारून काढलेला नव्हता. लूमवर ती सोयच नाही. मी त्यांना सगळ्या कळा दाखवल्या, पण पत्र म्हणजे कापड नव्हे, हे सांगायचं राहून गेलं. कुणाला सुचेल हो ते?

पण आप्पांना आता राग चढला होता. "मन्हं पत्र खाई गयं तुन्हं मशीन! पाच तास लिहिलं मी. पुन्हा लिहिता यायचं नाही मला ते. काढ बाहेर!"

"सांगितलं होतं ना तुम्हाला, नवीन लिहिलंत की उजवी थप्पी जाते म्हणून?"

"आणि मी सांगितलं होतं ना, नियम चुकीचा आहे म्हणून?"

"तुम्ही चुकीचा म्हटलंत म्हणून तो बदलला का?"

"मग बदल!"

"तो बदलून गेलेलं येत नाही, आप्पा! त्या चिठ्ठ्यांची जागा मशीनने केव्हाच मोकळी केली. मला नाही आणता येत. खरंच नाही येत." एवढं बोलताना माझा आवाज फुटला. मलाच माझा राग आला, त्यांचा आला, आणि मधे बोलू बघणाऱ्या चेतनचा तर सगळ्यात जास्त आला.

चेतन मधे बोललाच. "हे जो, बघ, ती थप्पी टाकायची ओळ तू काढली असतीस तर आज आप्पांचं पत्र असतं."

"असतं? दाखवतेच तुला काय असतं ते!"

घड्याळात पावणेचार वाजले होते. भगवान पाच वाजता उधना स्टेशनवर उभा राहणार होता. अशा वेळी शहाणी बाई पत्र लिहायला घेईल. पण मी आप्पांचीच मुलगी. चेतनच्या मशीनवर बसले, थप्पी टाकायची ओळ बंद केली आणि प्रोग्रॅम पुन्हा बांधला.

"बघा आता. चुकीचा नियम काढला. इथे लिहिते, ‘लोटूस नमस्कार’. साच्यांच्या हिशेबाने या बारा जागा. काना, वेलांटी, अर्धा स, प्रत्येकाची एकेक जागा. आता पुढे लिहिते, ‘तुझं कार्ड मिळालं’. तीन शब्दांच्या तीन चिठ्ठ्या झाल्या. पहिलीवर: बाराव्या जागेनंतर ‘तुझं’ घाल, बाकीच्या दोन त्याच्या पाठोपाठ. तीनदा एफ-नऊ दाबून मागे गेले. तिन्ही चिठ्ठ्या उजवीकडे गेल्या. आता सुरुवातीला नवीन शब्द घालते, ‘चि.’ आणि एक मोकळी जागा. मिळून चार जागा. उजवी थप्पी टाकली नाही, आहे तशी आहे. चेतन, दाब एफ-दहा, तीनदा."

चेतनने दाबलं. पडद्यावर आलं: ‘चि. लोटूस नमतुझं कार्ड मिळालंस्कार’.

चेतनने ते बोट ठेवून वाचलं.

"नमस्काराच्या पोटात कार्ड," चेतन हळूच म्हणाला.

"चिठ्ठीला काय माहीत, पुढे चार जागा वाढल्या ते? तिला बारावी जागा ठाऊक. ती तिथेच घालणार. ही चिठ्ठी ज्या मजकुरासाठी फाडली होती, तो मजकूरच आता राहिला नाही. म्हणून टाकतात. माझा हात सढळ आहे म्हणून नाही!"

आप्पा पुढे वाकून ते फुटलेलं ‘नमस्कार’ बघत होते. मग खुर्चीत मागे टेकले. "हां," ते म्हणाले. "उसवलेल्या ठिकाणी वेगळा बाणा टाकला, की पुढची वीण वेगळीच पडणार. आधीचे धागे मग त्यात बसायचे नाहीत." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "तुझा नियम बरोबर आहे. मी उगाच बोललो."

आप्पांनी चूक कबूल केली! माझ्या उभ्या आयुष्यात हे दुसऱ्यांदा घडत होतं. एरवी मी पेढे वाटले असते. पण त्यांचा चेहरा एवढा उतरला होता की माझा सगळा तोरा जागच्या जागी गळाला. मी मुकाट्याने ती ओळ पुन्हा चालू केली आणि त्यांच्या मशीनशी आले.

तिथे अजून तेच ‘चि.’ होतं. मागचं काही हाताला लागतं का, म्हणून मी एफ-नऊ दाबलं. डाव्या थप्पीत अजून चिठ्ठ्या होत्या ना! ‘चि.’ गेलं. पान कोरं. पुन्हा दाबलं, आणि त्या जागी एक शब्द परत आला.

‘श्री.’

पुन्हा दाबलं, तर तोही गेला. आणखी एकदा दाबलं, तर टूं.

डाव्या थप्पीत तीनच चिठ्ठ्या होत्या, आणि त्या तीन चिठ्ठ्यांनी सगळं सांगितलं. आप्पांनी पत्राची सुरुवात केली होती ‘श्री. लोटू’ अशी. सख्ख्या धाकट्या भावाला श्री.! परक्या माणसाला, बँकेच्या साहेबाला लिहावं तसं. पाच तास पत्र लिहिल्यावर त्यांना ते सलायला लागलं. म्हणून ते शब्द शब्द उसवत पहिल्या शब्दापर्यंत मागे गेले होते, श्री. पुसून तिथे चि. लिहायला. पत्र गेलं ते या चि.पायी.

मी तीनदा एफ-दहा दाबलं. श्री. आलं, श्री. गेलं, चि. आलं. ते तसंच ठेवलं.

"आप्पा," मी विचारलं, "बाकी काय लिहिलं होतंत?"

"काय असणार? टॉवेल. अकरा वेळा लिहिला. मोजला मी." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आणि शेवटी लिहिलं की येतो. एवढं सगळं लिहून शेवटी येतोच लिहिलं. मग म्हटलं, जायचंच आहे तर श्री. कशाला?"

मला काय वाटलं सांगू? मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. पण आमच्याकडे तशी रीत नाही, म्हणून मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "तुम्ही सांगा, मी टाइप करते. माझी दहा बोटं चालतात. अजून पाऊण तास आहे."

आप्पा हात मागे बांधून उभे राहिले, लूमच्या शेजारी उभे राहतात तसे, आणि बोलू लागले. मी लिहिलं: ‘चि. लोटूस अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड भगवानने पोचवलं. सहकुटुंब खाली तू रेघ मारलीस ती पाहिली.’

मग ते अडले. खिडकीखाली एक टेम्पो बराच वेळ भोंगा वाजवत होता. आणि मग एका दमात सगळं बाहेर आलं. ‘पण त्या दिवशी भर मांडवात माझ्या आधी तू दुसऱ्याला टॉवेल दिलास, ते मी अजून विसरलो नाही.’

मी लिहिलं.

"वाच."

मी वाचलं.

"काढ."

मी एफ-नऊ दाबत गेले. नाही, विसरलो, अजून, मी, एकेक शब्द शेवटापासून निघत गेला, थेट ‘पण’पर्यंत.

"थांब. आण परत. त्याला कळू तर दे."

एफ-दहा. पण, त्या, दिवशी, सगळं वाक्य पुन्हा उभं.

"काढ."

काढलं.

"आण."

आणलं. एरवी या वेळेला मी म्हटलं असतं, आप्पा, एकदाचं काय ते ठरवा, का कीबोर्डची कळ झिजवता? त्या दिवशी मी नुसती कळा दाबत राहिले. सव्वाचार झाले, साडेचार झाले. वाक्य डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. सात वर्षं हा माणूस हेच करत होता, तेवढं मला त्या अर्ध्या तासात दिसलं.

"काढ," ते पुन्हा म्हणाले.

काढलं. पडद्यावर पत्र रेघेच्या वाक्यापाशी थांबलं. टॉवेलच्या सगळ्या चिठ्ठ्या उजवीकडे, एफ-दहाची वाट बघत. मी बोट कळीवर ठेवूनच बसले होते.

आप्पांनी ‘आण’ म्हटलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात अलगद बाजूला केला. माझ्या खांद्यावरून वाकले, एका बोटाने एकेक अक्षर शोधलं, आणि लिहिलं: ‘आम्ही’.

मग स्वतःच एफ-दहा दाबलं.

टूं.

पुन्हा दाबलं. टूं.

"गयं ना ते?" त्यांनी विचारलं.

"गयं, आप्पा."

"आता तुलाही आणता येणार नाही?"

"नाही. कुणालाच नाही."

"बरं व्हयनं," आप्पा म्हणाले, आणि पुन्हा वाकून अक्षरं शोधू लागले. ‘उद्याच’ लिहायला त्यांना चांगलं मिनिटभर लागलं, ‘येतोय’ला त्याहून जास्त. त्यापुढे त्यांना काही लिहायचं नव्हतं. मी त्यांच्याकडे न बघता कागद लावला आणि प्रिंटर चालू केला, कारण बघितलं असतं तर मी तिथेच रडले असते.